चाळीस ठिपकेवाल्या

त्यांनी नर ठेवले आणि माद्या नेल्या. चाळीस माद्या, चार खोक्यांत. तेरा नर पिंजऱ्यात तसेच राहिले, रिकाम्या जाळीकडे बघत, माना ताणून ओरडत. आमच्या बटेरांचे नर एरवीही ओरडतात, पण त्या दिवशी मला ते ऐकवत नव्हतं. मी दार लावून घेतलं.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, पण लिहिलेलं कोणाला दाखवत नाही. ही वही लेकीची, तिच्या लग्नानंतर अर्धी कोरी राहिलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, लहानपणापासूनच. आणि त्या दिवशी निघायला हवा होता, तेव्हाही निघाला नाही. जे तेव्हा बोलले नाही ते इथे लिहिते. राग अजून आहे.

आमचं गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे. घरामागे पत्र्याचं शेड आहे, त्यात मी जपानी बटेर पाळते. बटेर म्हणजे लावी. रानातली वेगळी, ही वेगळी. ही पाळीव, कोंबडीसारखी, फक्त मुठीएवढी. अकोल्याला बायकांचं प्रशिक्षण होतं, तिथे मी आणि माझी धाकटी जाऊ गेलो होतो. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जपानी पाळली तर कोणी काही म्हणत नाही, रानातली धरली तर गुन्हा आहे. ते मी पक्कं लक्षात ठेवलं. रानातलं पाखरू मी कधी धरलं नाही.

नर आणि मादी कशी ओळखायची तेही त्याच मॅडमनी शिकवलं. अंड्यातून निघाली की सगळी एकसारखी असतात, पिवळसर, पाठीवर तपकिरी पट्टे, अंगठ्याएवढी. दोन आठवडे काही म्हणजे काही कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात छातीवर पक्की पिसं येतात. ज्याची छाती विटकरी आणि साधी, तो नर. जिची छाती वाळूच्या रंगाची आणि त्यावर काळे ठिपके, ती मादी. आणि वाढ पूर्ण झाली की मादी नरापेक्षा मोठी, वजनाला जड. कोंबड्याकोंबडीच्या उलट. शंका असेल तर शेपटीखाली दाबून बघायचं. वयात आलेल्या नराच्या तिथे फुगवटा असतो आणि साबणासारखा पांढरा फेस येतो. मॅडमनी प्रत्येक बाईला करून बघायला लावलं होतं. माझी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, हे बरं हाय. माणसाचं असं दाबून कळलं असतं त मी लग्नाच्या आधी तपासून घेतलं असतं." बायका हसून हसून लोळल्या. मी पदरात तोंड लपवलं. पण शिकले. पाखरू हातात घेतलं की मला आता डोळे मिटूनही सांगता येतं, नुसत्या वजनावरून.

हे सगळं ज्याला माहीत नव्हतं, तो माणूस मार्गशीर्षात आमच्या दारी आला. गळ्यात हातभर लांब कॅमेरा. तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला आला होता, पाणी मागितलं. जावेने पाणी दिलं, वर चहाही दिला, आणि तिला हौस भारी, म्हणाली, "पाखरं पाह्यची त आमचीबी पाहा." तो शेडात शिरला. आत अंधार, एकच पिवळा बल्ब. मोठा कॅमेरा तिथे कामाचा नव्हता, त्याने खिशातला मोबाईल काढला आणि एक फोटो घेतला. एकच. मग थँक यू काकू म्हणून गेला. मी चुलीपाशी होते, त्याच्यासमोर आलेही नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या जठारपेठेतून लेकीचा फोन. "आई, हे आपलंच शेड हाय का?" तिच्या मोबाईलवर तो फोटो कुठून कुठून फिरत आला होता. तिने माझ्या जावेच्या मोबाईलवर पाठवला. पुढे जाळीला लागून तीन माद्या, मागे एक नर. माद्या आधीच मोठ्या, त्यात जवळ, म्हणून फोटोत दुपटीने मोठ्या दिसत होत्या. नर मागे, लहान, बल्बच्या उजेडात विटेहून लाल. त्या तीन माद्यांभोवती लाल रेघेने गोल केले होते. खाली लिहिलं होतं की लाल छातीचा तो जपानी बटेर, आणि ह्या ठिपक्यांच्या मोठ्या आहेत त्या रानातल्या बटेर. जपानी बटेराच्या आडून रानातल्या पाखरांची शिकार आणि विक्री चालू आहे. गावाचं नावही लिहिलं होतं.

मला आधी समजलंच नाही. मी जावेला म्हटलं, "अवं, हा नर अन ह्या माद्या. यात शिकार कुठं आली?"

"त्याले दोन रंग दिसले, बाई. दोन रंग म्हंजे दोन जाती. शिकेल माणूस हाय थो."

ती हसत होती. मला हसू आलं नाही. फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं. हळूहळू वाचते मी, बोट ठेवून. अशा लोकांना तुरुंगात टाका. ह्यांना लाज नाही. एकाने लिहिलं होतं, अडाणी लोकांना निसर्ग काय कळणार. मी जिला दोन आठवड्यांची असल्यापासून हातावर खाऊ घातलं, तिच्याभोवती लाल गोल.

दोन दिवसांनी जीप आली. वनपालसाहेब, दोन माणसं, आणि तो कॅमेरावाला. आमचे हे शेतात गेले होते, हरभऱ्याला पाणी द्यायला. दुपारचे चार वाजत आले होते. ही वेळ मला नीट आठवते, कारण बटेर कोंबडीसारखी सकाळी अंडी देत नाही, दुपार उतरली की देते. माद्या कोपऱ्यांत दबून बसल्या होत्या. अशा वेळी मी शेडात कोणाला मोठ्याने बोलूसुद्धा देत नाही.

वनपालसाहेब माणूस वाईट नव्हते. खुर्ची दिली तर बसले. म्हणाले, "काकू, पावती हाय का पाखरांची?"

मी पावती आणून दिली. अंडी उबवायच्या केंद्रातून पहिली पिल्लं आणली होती त्याची. त्यावर जपानी बटेर पिल्ले असं छापलेलं होतं.

त्यांनी उलटीपालटी केली. "हे पिल्लांची पावती हाय. नर किती, माद्या किती, काई लिवलेलं नाई."

एका दिवसाच्या पिल्लाचं नर-मादी कोण लिहिणार? देवालाही कळत नाही तेव्हा. हे मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. जाऊच बोलली.

"साहेब, लहान पिल्लाचं कसं कळन? मोठे झाले का छातीवरून कळते. लाल त नर, ठिपके त मादी."

कॅमेरावाला पुढे झाला. बोलणं गोड होतं त्याचं. "ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे ह्या माद्या. मग त्या ह्या लाल छातीवाल्यांपेक्षा मोठ्या कशा? नर मोठा असतो. मोर पाहा, कोंबडा पाहा."

"बटेरात मादीच मोठी असते."

"असं कुठं असते का?"

"तुमच्या घरी नसन," जाऊ म्हणाली.

वनपालसाहेबांच्या सोबतची दोघं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी मोबाईल काढला. अमरावतीच्या एका कॉलेजातल्या पक्ष्यांच्या प्राध्यापकांना फोटो पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं, "पुढचे पक्षी रानबटेर वाटतात." एवढंच. चार शब्द. साहेब म्हणाले, "मी काय पक्ष्यांचा माहितगार नाई. तज्ज्ञ म्हणते त मले कारवाई करा लागते, काकू."

मी तेव्हा एक नर पकडून, उलटा धरून, दाबून त्यांना फेस दाखवायला हवा होता. एक मादी धरून दाखवायला हवी होती, जिच्यात तसलं काही नाही. एवढंच करायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण समोर चार पुरुष, आणि पाखराच्या शेपटीखाली दाबून दाखवायचं. मी लाजले. मी मेल्यागत दाराला टेकून उभी राहिले आणि लाजले. त्या लाजेचा राग मला त्यांच्यापेक्षा जास्त येतो.

त्यांनी निवडून निवडून माद्या काढल्या. ठिपके दिसले की खोक्यात. कॅमेरावाला बोटाने दाखवत होता, "ही, ही, तीसुद्धा." एकीलाही चुकला नाही. इतकी बरोबर निवड मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनाही पहिल्या दिवशी जमली नव्हती. नर आणि मादी त्याने अगदी अचूक वेगळे केले, आणि त्याला ते कळलं नाही.

पंचनामा लिहिताना साहेबांनी आमच्या ह्यांचं नाव विचारलं. जाऊ म्हणाली, "पाखरं ह्या बाईचे हायेत. माणसाले त मोजताबी येत नाई."

"घरमालकाचं नाव लिवा लागते," साहेब म्हणाले. "अन बाईमाणूस कुठं शिकार करते?"

म्हणजे शिकारही माझ्या नावावर नाही. आमच्या ह्यांनी बटेराला कधी दाणा टाकला नाही, आणि कागदावर शिकारी ते झाले. महिन्याने वनखात्याच्या रेंज ऑफिसला हजर राहायचं, तोवर बाहेरगावी जायचं नाही, त्या दिवशी ठरेल गुन्हा नोंदवायचा की कसं. मी खाली सही केली, साक्षीदार म्हणून. माझी सही मला येते.

संध्याकाळी व्हिडिओ आला. बार्शीटाकळीच्या पलीकडे गवताचा उतार आहे, तिथे खोकी उघडली होती. कॅमेरावाल्याचा आवाज होता, ही पाखरं आज पुन्हा आपल्या घरी चालली. खोकं कलतं केलं. माझ्या माद्या बाहेर पडल्या आणि तिथेच बसल्या. एकही उडाली नाही. दोन-चार जणींनी दोन पावलं टाकली आणि मान वर करून उभ्या राहिल्या. व्हिडिओ काढणाऱ्याने हुर्र केलं, टाळ्या वाजवल्या. एक कशीबशी हातभर उडाली आणि पडली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. बिचारी घाबरलीत, असं कोणीतरी लिहिलं होतं.

घाबरली नव्हती. दाण्याची वाट बघत होती. त्यांच्या बापजाद्यांनी किती पिढ्यांत गवत बघितलं नाही. त्या अंड्यावर बसायचंही विसरल्यात, म्हणून तर आमच्याकडे अंडी उबवायची पेटी आहे. त्यांना कोल्हा माहीत नाही, मुंगूस माहीत नाही, शिकरा माहीत नाही. त्यांना माझा डबा माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी आणि जाऊ तिथे गेलो. मी खाद्याचा डबा घेतला होता. रोज शेडात शिरताना मी त्याच्यावर नखांनी टकटक करते, मग सगळ्या जाळीला येऊन लागतात. दव पडलं होतं, गवत गुडघ्याला लागत होतं. मी डबा वाजवत उतारभर फिरले. पहिली मादी पायाशीच निघाली, भिजलेली, बाभळीच्या मुळाशी. मग दोन. मग बऱ्याच वेळाने आणखी. पिसांचे ढीग आम्हाला त्याहून जास्त सापडले. ठिपक्यांची पिसं.

चाळीसातल्या नऊ सापडल्या. एकतीस गेल्या. खोकी त्यांनी तिथेच टाकून दिली होती. एकाच्या तळाशी चार अंडी फुटून चिकटली होती. दुपारी चारला धरलेल्या माद्या, जीपमध्ये हिंदकळत, त्यांनी वेळेवर अंडी दिली होती. रानातून धरून आणलेली बटेर खोक्यात अंडं देते का? ती भिंतीला टाळू फोडून घेते. पण हे विचारायला तिथे कोण होतं?

नऊ माद्या मी गोणीत घालून घरी आणल्या. आमचे हे ओट्यावर बसले होते. गोणी बघून त्यांचं तोंड उतरलं.

"हे काय आणलं तुनं?"

"आपल्याच हायेत."

"कागदावर त्या जंगलाच्या झाल्या आता. काल मी शिकारी नव्हतो. आज तू मले खराखुरा शिकारी केलं."

ते खरं होतं. मी माद्यांना पाणी दिलं. ते उठून शेतात गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले की तुरुंगात घालत्यात का गं अशा गोष्टीला. झोप उडाली होती त्यांची. वजन उतरलं. आयुष्यात ज्याने कोणाची काडी उचलली नाही त्या माणसाकडे दुकानावरचे लोक बघून म्हणायचे, काय शिकारी, आज काय धरलं?

पेटीत अंडी होती. पंचनाम्याच्या दिवशी त्यांचा पंधरावा दिवस होता. ती ह्याच चाळीस माद्यांची. मला त्या गोंधळात त्यांचा विसर पडला होता. उबवणीला सतरा-अठरा दिवस लागतात, त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. बावन्न निघाली. आया रानात मेल्या होत्या आणि ही इकडे टरफलं फोडत होती. मी त्यांना बल्बाखाली ठेवलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ही बावन्न तिसऱ्या आठवड्यात काय होणार? अर्धी लाल होतील, अर्धी ठिपक्यांची. एका पेटीतली. त्या कॅमेरावाल्याच्या हिशेबाने मग एकाच पेटीतून दोन जाती निघाल्या म्हणायच्या.

मी दिवस मोजले. रेंज ऑफिसच्या तारखेआधी तीन आठवडे भरत होते. जेमतेम.

मग रोज छात्या बघायचे. सतराव्या दिवशी एकाच्या गळ्याखाली विटकरी पीस दिसलं. मग रोज थोडं थोडं. विसाव्या दिवशी कोणाचंही चुकलं नसतं. मी जावेला म्हटलं, "आपल्याले अमरावतीला जायचं हाय."

ती बघतच राहिली. मी बाजाराला जायचं म्हटलं तरी पाय ओढते हे तिला माहीत. "कोणापाशी?"

"ज्यानं चार शब्द लिवले त्याच्यापाशी."

कॉलेजाचं नाव पंचनाम्यात होतं, सही करताना मी वाचलं होतं. सकाळची एसटी धरली. मांडीवर एक खोकं, त्यात सहा पिल्लं, तीन लाल तीन ठिपक्यांची. जावेच्या मांडीवर दुसरं, त्यात एक मोठा नर आणि रानातून परत आणलेल्यांपैकी एक मादी. मूर्तिजापूरपर्यंत नर ओरडला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, या पाखरांचंबी तिकीट काढू का?" जाऊ म्हणाली, "काढा, पण ठिपकेवालीचं काढू नका, थे जंगलातली हाय." मला पहिल्यांदा हसू आलं, महिन्याभरात.

प्राध्यापक साहेब वयाने मोठे होते, केस पांढरे. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात भुसा भरलेली पाखरं, भिंतीवर पाखरांचा मोठा तक्ता. मी त्या तक्त्याकडे बघत उभी राहिले, कारण माणसाकडे बघायची हिंमत नव्हती. प्रत्येक पाखराचं एकच चित्र. मोर पिसाऱ्यावाला. कोकिळ काळा. कोकिळाची मादी ठिपक्याठिपक्यांची असते, आमच्या लिंबावर बसते, ती तक्त्यात कुठेच नव्हती. सगळे नर. ज्याने हा तक्ता रोज बघितला त्याला मादी दिसली की ती दुसरीच जात वाटणार. दुसरं काय होणार?

जाऊ सांगायला लागली. मी तिच्या दंडाला धरलं. मीच बोलले. "साहेब, तुमी फोटो पाह्यला. आता पाखरं पाहा."

खोकी टेबलावर ठेवली. मोठा नर काढला, उलटा धरला, शेपटीखाली दाबलं. फेस आला. मग मादी काढून त्यांच्या हातात दिली. लाजले नाही. लाज त्या गवताच्या उतारावर राहिली होती.

त्यांनी मादी तळहातावर तोलली. कपाटातून छोटा काटा काढला, तिला कापडी पिशवीत घालून तोलली. एकशे नव्वद ग्रॅमच्या वर भरली. "रानातली बटेर शंभर ग्रॅमच्या आसपास असते," ते म्हणाले. "ही पाळीवच आहे." मग पिल्लं बघितली, एकेक, छाती वर करून. "ही सगळी एकाच वेळची?"

"एका पेटीतली. एका दिवशी निघाली."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, मला एकच फोटो आला होता. पुढे तीन माद्या. रानबटेराची मादी आणि जपानी बटेराची मादी फोटोत जवळजवळ सारखी दिसते. त्या पुढच्यांत नर असता तर सांगता आलं असतं, रानातल्या नराची छाती अशी विटकरी नसते, गळ्यावर काळी खूण असते. मादीवरून नाही सांगता येत. फोटोत वजनही कळत नाही."

"मंग तुमी तसंच काहून नाही लिवलं? सांगता येत नाही म्हणून?"

त्यांनी हातातलं पिल्लू खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "लिहायला हवं होतं. त्या दिवशी असे वीसेक फोटो आले होते. मोबाईलवर उत्तर देऊन टाकलं."

"एकतीस मेल्या," मी म्हटलं.

त्यांनी तिथेच पत्र लिहिलं, सही-शिक्का करून. फोटोतले पक्षी आणि प्रत्यक्ष तपासलेले पक्षी हे पाळीव जपानी बटेराचे नर आणि माद्या आहेत, रंग आणि आकारातला फरक नर-मादीचा आहे, जातीचा नाही. खाली आणखी एक वाक्य त्यांनी स्वतःहून घातलं, पाळीव पाखरं रानात सोडणं चूक आहे, वाचली तर रानातल्या जातीत मिसळून तिचंच नुकसान करतात. मला वाचून दाखवलं. मी मान हलवली. पत्र चांगलं होतं. पण ते महिनाभर उशिरा होतं, आणि चार शब्द लिहायला त्यांना जेवढा वेळ लागला असेल तेवढ्यात ते फोन करून विचारू शकले असते, की बाई, ह्यांची अंडी बघितली का? मी पत्र ब्लाउजमध्ये ठेवलं आणि आभार मानले नाहीत. जावेने मानले.

रेंज ऑफिसला आमचे हे आणि मी दोघं गेलो. वनपालसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मोठ्या साहेबांना आत नेऊन दाखवलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "मिटलं, काकू. नोंद काई होत नाई." आमचे हे तिथल्याच पायरीवर बसले आणि डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मी विचारलं, "नऊ मी परत आणल्या होत्या रानातून. त्या माह्याच ना?" साहेब म्हणाले, "सगळ्याच तुमच्या होत्या."

होत्या.

आठवड्याने वनपालसाहेब कॅमेरावाल्याला घेऊन घरी आले. माफी मागायला, असं म्हणाले. त्याच्या गळ्यात तोच कॅमेरा. "सॉरी काकू. मी आता खरं काय ते सगळ्यांना कळवतो. शेडातला एक चांगला फोटो घेतो, नर-मादी शेजारी शेजारी, लोकांना समजेल." आणि मोबाईल काढलाच.

"मोबाईल ओट्यावर ठिवा," मी म्हटलं. "कॅमेराबी. मंग आत या."

त्याने ठेवले. वनपालसाहेब बाहेरच थांबले. जाऊ दारात उभी राहिली, मजा बघायला. शेडात नव्या पेटीतली पिल्लं होती, बारा दिवसांची. पिसं फुटायला लागलेली, अंगभर तपकिरी रेघा. मी एक उचलून त्याच्या ओंजळीत ठेवलं. इतकं हलकं पाखरू त्याने कधी हातात धरलं नसावं.

"काय हाय सांगा. नर का मादी?"

त्याने बल्बाखाली नेऊन फिरवून फिरवून बघितलं. छाती बघितली. घाईने म्हणाला, "मादी. ठिपके येऊन राहिले ना."

मी पिल्लू त्याच्या हातातून परत घेतलं आणि बल्बाखाली सोडलं.

"अजून सांगता येत नाई," मी म्हटलं. "हे म्हणा लागते. दहा दिवसांनी या अन मंग पाहा. तोवर कोणाले काई कळवू नका."

तो गेला. दहा दिवसांनी आला नाही. ते पिल्लू नर निघालं.